जुना बोर्ड कुठाय?

कागलच्या फोटोग्राफरनं हार्ड डिस्क टेबलावर ठेवली, तसा मी आधी तिच्या पाठीवरच्या सर्किट बोर्डाचं हेच विचारलं. तो म्हणाला, "जुना बोर्ड त्या दुकानातच राहिला की ओ. जळलेला हुता, काय करायचाय त्याला?"

घाईत १२ व्होल्टच्या डिस्कला लॅपटॉपचा १९ व्होल्टचा अडॅप्टर लागला होता. पिन सारखीच बसली आणि डिस्क गेली. एका दुकानदारानं त्याच नंबरचा बोर्ड मागवून बसवला. डिस्क फिरली, पण टकटक करू लागली, आणि 'लागेल कधीतरी' म्हणून यानं ती रात्रभर चालू ठेवली. आत ११ लग्नं.

"नंबर तर सेम हाय की!"

नंबर जुळला म्हणजे सर्किट जुळलं, एवढंच. एकाच दिवशी बनलेल्या दोन डिस्कची डेटा वाचणारी हेड्ससुद्धा सारखी नसतात. म्हणून कारखान्यात प्रत्येक डिस्कची मापं वेगळी जुळवतात. ती मापं बरीचशी आतल्या फिरत्या चकतीवर, म्हणजे प्लॅटरवरच लिहिलेली असतात, पण तिथपर्यंत पोचून ती वाचायलाही सुरुवातीची काही मापं लागतात. ती असतात बोर्डावरच्या आठ पायांच्या छोट्या रॉम चिपमध्ये. नव्या बोर्डाच्या रॉममध्ये दुसऱ्याच डिस्कची मापं. हेड शोधतं, सापडत नाही, माघारी येतं, पुन्हा जातं. तीच टकटक. फार जुन्या डिस्कमध्ये बोर्ड बदलून भागायचं. लोकांच्या डोक्यात अजून तेच बसलंय.

त्याला घेऊन मी स्वतः त्या दुकानात गेलो. बोर्ड भंगाराच्या खोक्यात मिळाला. दुकानदारानं त्याला मीटरसुद्धा लावला नव्हता, याचा मला अजून राग येतो. १२ व्होल्टच्या वाटेवरचा संरक्षक डायोड शॉर्ट झाला होता. नुसता तेवढाच गेला असता, तर तो काढून जुन्याच बोर्डावर डिस्क चालवून डेटा काढता आला असता. इथं मोटर चालवणाऱ्या चिपवरही फोड आला होता, म्हणजे रॉम चिप नव्या बोर्डावर हलवणं आलंच.

चिप काढायला हॉट एअर लावण्याआधी मी प्रोग्रामर नावाच्या यंत्रानं रॉम दोनदा वाचून घेतली आणि दोन्ही फाईली ताडून पाहिल्या. चिप तापताना गेली तर निदान मजकूर हातात राहतो. काही बोर्डांवर ही चिप वेगळी नसतेच, रॉम मुख्य चिपच्या पोटात असते. तसं असतं तर काम फार अवघड झालं असतं. मग आजूबाजूला उष्णता सोसणारी कॅप्टॉन टेप लावून चिप उचलली आणि नव्या बोर्डावर बसवली. करंट दिला. मोटरनं वेग घेतला, हेड एकदाच हललं आणि शांत झालं. स्क्रीनवर डिस्कचं नाव आलं, साइज बरोबर आली.

कॉपी करताना मात्र चारपैकी एक हेड अडखळू लागलं. फोटो बहुतेक निघाले, कारण ते लहान असतात. व्हिडिओची मोठी फाईल चारही हेड्सवर पसरलेली असते, त्यामुळे बऱ्याच व्हिडिओंत भोकं पडली.

"रात्रभर चालू ठिवली म्हणून का ओ?" त्यानं विचारलं. हेड त्या रात्री खराब झालं, की १९ व्होल्टनं, की आधीपासूनच कच्चं होतं, हे मला ठरवता आलं नाही. मी त्याला तसंच सांगितलं.