चौदा तास उशीर, भरपाई शून्य: मुंबई–पॅरिस आणि हातातली पॉलिसी

मार्ग मुंबई–पॅरिस, आखातात विमान बदलून. माणसं दोन, दिवस बारा, दोघांचं तिकीट एकाच पीएनआरवर. पॅरिस कसं आहे ते इथे मिळणार नाही, त्यावर पुष्कळ लिहून झालंय. एजंटने "सगळं कव्हर आहे" म्हणून प्रवास विम्याची जी पॉलिसी हातात ठेवली, तिचा कुठे उपयोग झाला आणि कुठे नाही, एवढंच इथे आहे.

शेंगेन व्हिसासाठी किमान ३०,००० युरोंचं वैद्यकीय संरक्षण लागतं आणि ते सगळ्या शेंगेन देशांत चालणारं असावं लागतं. व्हिसावाले तेवढंच बघतात. विमानाचा उशीर किंवा सामान यांच्याशी त्यांना घेणं नसतं, त्यामुळे स्वस्त पॉलिसीत हे दोन भाग नुसते नावाला असू शकतात.

मुंबईहून सकाळी १० ला सुटणारं विमान दुपारी १ वाजून २० मिनिटांनी सुटलं. पुढचं कनेक्शन चुकलं. विमान कंपनीने रात्री ३ च्या विमानात जागा दिली. संध्याकाळी ७ ला पॅरिसला पोचायचं ते दुसऱ्या दिवशी सकाळी ९ ला पोचणं झालं. म्हणजे १४ तास उशीर आणि पॅरिसच्या हॉटेलची एक रात्र पाण्यात. पॉलिसीच्या शेड्यूलवर 'ट्रिप डिले: १२० डॉलर, डिडक्टिबल ६ तास' असं छापलेलं. डिडक्टिबल म्हणजे आपल्याच अंगावर राहणारा सुरुवातीचा भाग. कुणालाही वाटेल, १४ तास म्हणजे क्लेम पक्का.

मिळालं शून्य, आणि कलमाप्रमाणे ते बरोबर होतं. शेड्यूल हे एक पान असतं, खरी अट पॉलिसी वर्डिंगमध्ये असते. तिथे लिहिलं होतं की उशीर मोजायचा तो विमानाच्या ठरलेल्या सुटण्याच्या वेळेपासून, आणि प्रत्येक विमानाचा वेगळा. पहिलं विमान ३ तास २० मिनिटं उशिरा सुटलं, म्हणजे ६ तासांच्या आत. रात्री ३ चं विमान अगदी वेळेवर सुटलं. प्रवासी १४ तास उशिरा पोचला, पण कलमाच्या हिशेबात उशीर झालेलं विमानच नाही. कनेक्शन चुकण्याचं कलम वेगळं होतं आणि ते फक्त नव्या तिकिटाचा खर्च देत होतं. नवं तिकीट विमान कंपनीने फुकट दिलेलं, त्यामुळे तिथेही शून्य. हॉटेलची बुडालेली रात्र या दोन्ही कलमांत बसत नव्हती.

दुसरी मेख डिडक्टिबलची. समजा पहिलंच विमान १४ तास उशिरा सुटलं असतं. पहिले ६ तास वजा, उरले ८. या पॉलिसीत पुढच्या प्रत्येक पूर्ण ६ तासांना २० डॉलर होते, म्हणजे ८ तासांत एकच टप्पा भरतो: २० डॉलर. छापलेले १२० डॉलर हातात पडायला विमान ४२ तास रखडावं लागतं! पॉलिसी घेतानाच वर्डिंगची पीडीएफ उघडून 'delay' हा शब्द शोधावा आणि तीन गोष्टी बघाव्यात. उशीर सुटण्याचा मोजतात की पोचण्याचा, डिडक्टिबलनंतर रक्कम एकदम मिळते की टप्प्याटप्प्याने, आणि कारणांची यादी दिली आहे का. यादी असेल तर त्या कारणाचं पत्र विमान कंपनीकडून काउंटरवरच मागून घ्यावं. नंतर ईमेलवर ते मिळवताना जीव जातो. पोचण्याचा उशीर मोजणारी पॉलिसी मिळत नसेल तर ट्रिप डिलेसाठी जास्त प्रीमियम भरू नये, स्पष्ट सांगायचं तर ते पैसे वाया.

सामानाचा अनुभव बरा. दोनपैकी एक बॅग बेल्टवर आलीच नाही. इथे एकच नियम: विमानतळाबाहेर पाऊल टाकण्याआधी बॅगेज काउंटरवर पीआयआर, म्हणजे सामान न मिळाल्याची नोंद करून घ्यायची. त्या कागदावरचा CDG ने सुरू होणारा क्रमांक नसेल तर विमा कंपनी दारातही उभं करत नाही. बॅग ३१ तासांनी हॉटेलवर आली. कलम होतं १२ तासांनंतरचं, मर्यादा १०० डॉलर, आणि फक्त गरजेच्या वस्तूंसाठी. दोन शर्ट, आतले कपडे, टूथब्रश, दाढीचं सामान मिळून ६४ युरो मंजूर झाले. ३५ युरोंची पाठीवरची सॅक नामंजूर झाली, ती गरज नव्हे म्हणून. पावत्यांवर वस्तूंची नावं हवीत, नुसती कार्डाची स्लिप चालत नाही. बॅग किती वाजता पोचवली याचा कागदही घ्यावा, नाहीतर १२ तास उलटले हे दाखवायचं कशावरून?

बॅग २१ दिवसांत आली नाही तर आंतरराष्ट्रीय करारानुसार ती हरवली असं धरून विमान कंपनीकडे दावा लावता येतो. उशिरा मिळाली तर मिळाल्यापासून २१ दिवसांत आणि मोडलेली मिळाली तर ७ दिवसांत लेखी तक्रार करावी लागते. विम्याच्या 'लॉस' कलमात मात्र अख्खी बॅग गेलेली लागते. आतला कॅमेरा तेवढा गेला तर बहुधा काही मिळत नाही. वर प्रत्येक बॅगेला आणि प्रत्येक वस्तूला वेगळी टक्केवारीची मर्यादा असते. दागिने, रोख, लॅपटॉप चेक-इन बॅगेत टाकणाऱ्याला कुठलीच पॉलिसी वाचवत नाही.

पाचव्या दिवशी पॅरिसमधल्या मोंमार्त्रच्या पायऱ्यांवर घसरून दोघांपैकी एकाच्या मनगटाचं हाड मोडलं. इमर्जन्सीसाठी तिकडे ११२ किंवा १५ लावायचा, पण जीव धोक्यात नसेल तर आधी पॉलिसीवरचा मदत क्रमांक फिरवावा आणि फाइल नंबर लिहून घ्यावा. दाखल व्हायची वेळ आली तर कॅशलेसची गाडी त्या नंबरवरच हलते. प्लास्टर घालून सोडून दिलं तर ते ओपीडी धरतात. पैसे आपण भरायचे आणि नंतर मागायचे. पैसे भरल्याचं नोंदवलेलं बिल, म्हणजे 'फाक्त्यूर आकिते', मागून घ्यावं, सोबत एक्स-रेचा रिपोर्ट आणि डॉक्टरची चिठ्ठी. बिल ३१० युरो झालं, त्यातून १०० डॉलर डिडक्टिबल कापून बाकी मिळालं. हा डिडक्टिबल दर आजाराला वेगळा लागतो. त्यामुळे सर्दी-तापाच्या ६० युरोंच्या बिलासाठी फॉर्म भरत बसू नये.

आईवडिलांना पाठवणाऱ्यांनी इथे थांबून दोन कलमं वाचावीत. आधीपासूनच्या आजाराचं बऱ्याच पॉलिसींत एवढंच मिळतं: जीवघेणी अवस्था असेल तर तब्येत स्थिर होईपर्यंतचा खर्च, पुढचं नाही. बीपी किंवा साखर फॉर्मवर लपवली आणि तिकडे छातीत दुखलं, तर जुन्या गोळ्यांची चिठ्ठीच क्लेम पाडते. दुसरं, साठीच्या पुढे खोलीभाडं, सर्जन, आयसीयू यांना वेगवेगळ्या उपमर्यादा असू शकतात. पॉलिसीवर छापलेला ५०,००० डॉलरचा आकडा मग शोभेपुरता उरतो.

परतीच्या विमानातही तीच बॅग मागे राहिली आणि दोन दिवसांनी मुंबईत आली. त्याचं काही मिळालं नाही, कारण या कलमात मायदेशी परतताना झालेला सामानाचा उशीर धरलेला नव्हता.