हिरव्या पडद्यावरचा हिरवा चुडा कापताना

मावसबहिणीचं लग्न ठरलं तेव्हा चुडा भरल्यावर लगेच एका स्टुडिओत जाऊन तिने फोटो काढून घेतले, आणि तिथल्या माणसाने मागे लावला हिरवागार पडदा. पत्रिकेसाठी आणि हॉलबाहेरच्या बॅनरसाठी मागचं सगळं काढून दे म्हणून फोटो माझ्याकडे आले.

सुरुवात मी चुडा न दिसणाऱ्या फोटोने केली, जांभळा शालू, हात मागे. फोटोशॉपमध्ये Select > Color Range उघडलं, ड्रॉपरने पडद्यावर क्लिक केलं आणि Fuzziness, म्हणजे क्लिक केलेल्या रंगाच्या आसपासचे किती रंग धरायचे ते, कमी, २५ च्या आसपास ठेवलं. बरेच जण इथे एकच क्लिक करून Fuzziness १००-१५० पर्यंत ओढतात, मग पडद्याबरोबर साडीच्या काठातला पोपटीही जातो. त्यापेक्षा Fuzziness कमीच ठेवायचं आणि शिफ्ट दाबून पडद्याच्या वेगवेगळ्या जागी क्लिक करायचं, उजेड पडलेला भाग, कोपऱ्यातला काळपट भाग, चुणीतली सावली. खाली Selection Preview ला Grayscale ठेवलं की लगेच कळतं, पडदा पांढराशुभ्र आणि माणूस काळाकुट्ट दिसला पाहिजे, मध्ये जिथे राखाडी दिसेल तिथे अर्धवट सिलेक्शन आहे. केसांच्या कडेला थोडं राखाडी असलेलं चांगलंच, पण गालावर आलं तर Alt दाबून त्या जागेवर क्लिक करून तो रंग वजा करायचा.

मग डिलीट नाही मारलं, Alt दाबून लेयर मास्कच्या बटणावर क्लिक केलं, म्हणजे सिलेक्ट झालेलं लपतं पण पुसलं जात नाही. खाली एक भडक लाल लेयर टाकून बघितलं की राहिलेले हिरवे ठिपके लगेच दिसतात. मास्कवरच Ctrl+L ने लेव्हल्स काढून काळा स्लायडर थोडा आत घेतला आणि फोटो झाला तयार. चहा गार व्हायच्या आत.

खरी गंमत पुढच्या फोटोत, हात गालाशी आणि मनगटभर हिरवा चुडा. तीच पद्धत वापरली तर बांगड्यांच्या जागी भोकं, लाल लेयर आरपार दिसतोय! कारण या टूलला पडदा कुठला आणि बांगडी कुठली हे कळतच नाही, ते फक्त पिक्सेलचा रंग बघतं. आधी वाटलं बांगडीचा हिरवा जरा गडद आहे, Fuzziness १० वर आणून जमेल, पण पडद्याच्या चुणीतली सावली अगदी त्याच गडद हिरव्याची निघाली. Localized Color Clusters चालू करून बघितलं, त्यात क्लिक केलेल्या जागेपासून लांबचे पिक्सेल वगळता येतात, पण इथे पडदा बांगडीला चिकटूनच दिसतो, मग लांब काय आणि जवळ काय. शिवाय काच पारदर्शक, मनगटाच्या बाहेर आलेल्या भागात बांगडीतूनच पडदा दिसतो, तिथे वेगळं करण्यासारखं काही नाहीच.

शेवटी काम वाटून घेतलं. आधी लासोने चुडा भरलेला हात सोडून बाकीचा फोटो सिलेक्ट केला आणि मग Color Range उघडलं, आधीचं सिलेक्शन असलं की ते तेवढ्यातच काम करतं. हाताचा भाग पेन टूलने. बांगडी कातडीवर आहे तिथे काही कापायचंच नाही, फक्त वरखाली पडद्यावर आलेल्या कडा आणि मनगट व बांगडीमधली छोटी फट, तिच्यातून पडदा डोकावतो आणि ती राहिली की बघणाऱ्याला लगेच खोटं वाटतं. पाथ पूर्ण झाल्यावर Ctrl+Enter, अर्धा पिक्सेल फेदर, आणि मास्कवर आत पांढरा, बाहेर उरलेल्या पडद्यावर आणि फटीत काळा.

एक त्रास अजून होता, पडद्याचा हिरवट रंग हनुवटीखाली आणि कोपरावर उतरला होता. Hue/Saturation मध्ये Greens ची सॅच्युरेशन कमी केली तर कातडी सुधारली पण चुडा पार राखाडी, नवरीचा चुडा राखाडी म्हणजे मावशीने घरात घेतलं नसतं 😄 त्या अॅडजस्टमेंटच्या मास्कमध्ये चुडा काळा करून तो वाचवला.

एका फोटोत मात्र फक्त हात होते, अगदी जवळून काढलेले, बांगड्यांच्या कडा धूसर, तिथे पेनला धरायला रेषच नाही. तो मी कापलाच नाही, बॅनरवर त्या फोटोमागे गडद मेंदी रंगाची बॅकग्राउंड ठेवली आणि धूसर कडांवरून ब्रशने हळूहळू तिच्यात मिसळून दिलं, हिरव्यावर हिरवी कड उरली तरी कोणाला दिसत नाही. पत्रिकेला मरून हवं होतं, तिथे ताईला सांगितलं, हा फोटो नको, दुसरा घे.