ॲपल खातं परत मिळवताना: एकदा वाट पाहून, एकदा कोड सांगून

फोन चोरीला गेला तेव्हा सिमही गेलं, आणि ॲपल खात्याचा पासवर्ड त्याच फोनमध्ये साठवलेला होता. तोच नंबर नव्या सिमवर घेतला आणि iforgot.apple.com उघडलं. नंबर जुळला, तरी पासवर्ड बदलता येईना, कारण खात्यात साइन-इन असलेलं दुसरं उपकरण माझ्याकडे नव्हतं. शेवटी खातं परत मिळवण्याची विनंती नोंदवली. 72 तासांच्या आत ईमेल आला आणि त्यात पुढच्या टप्प्याची तारीख-वेळ होती. तोवर थांबायचं.

मदतकेंद्राला फोन केला, तर ही मुदत आम्हालाही कमी करता येत नाही, असं तिथल्या बाईंनी सांगितलं. मी वैतागलो होतो, पण कारण पटलं. माझं जुनं सिम काही काळ चोराच्याच हातात होतं. त्यानेही हीच विनंती केली असती, आणि ती लगेच मंजूर झाली असती तर माझे सगळे फोटो त्याचे झाले असते. मुदत असली की खऱ्या मालकाला सूचना पोहोचते आणि विनंती रद्द करायला वेळ मिळतो. या काळात साइन-इन असलेलं एखादं उपकरण वापरात दिसलं, तर मालकाकडे खातं आहेच असं धरून विनंती आपोआप रद्द होते. म्हणून बाकीची उपकरणं बंद ठेवायला सांगतात. चोरलेला फोन बंद होता, त्यामुळे माझी विनंती टिकली. ठरल्या वेळी नंबरवर पुढच्या सूचना आल्या आणि नवा पासवर्ड ठेवता आला.

नंतर वहिनींचं खातं अडकलं. पण त्यांनी मला रिकव्हरी काँटॅक्ट, म्हणजे खातं अडकलं तर कोड देऊन मदत करणारा ओळखीचा माणूस, केलेलं होतं. त्यांचा फोन आला, "भाऊजी, तुमच्याकडून कोड हवाय म्हणे." मी आवाज ओळखला, तरी दोन घरगुती प्रश्न विचारले. मग Settings मध्ये माझ्या नावावर, Sign-In & Security, Recovery Contacts, वहिनींचं नाव आणि Get Recovery Code. सहा आकडे आले, ते फोनवरच सांगितले. मेसेजने मागितले असते तर दिले नसते. वहिनींची ओळख पटवायला इथे एक माणूस आहे, म्हणून लांबलचक वाट पाहावी लागली नाही. आणि त्या कोडने मला त्यांच्या खात्यातलं काहीही दिसत नाही.

"मग ती रिकव्हरी की पण चालू करू का?" वहिनींनी विचारलं. मी नको म्हटलं. खातं परत मिळवण्यासाठीची ही 28 अक्षरांची की चालू केली की वाट पाहून खातं मिळवण्याचा नेहमीचा मार्ग बंद होतो. की हरवली आणि साइन-इन असलेलं उपकरणही हाताशी नसलं, तर खातं कायमचं जाऊ शकतं. कागदावर लिहून दोन वेगळ्या जागी नीट जपणाऱ्यांसाठी ती चांगली आहे. वहिनींनी त्याऐवजी त्यांच्या बहिणीलाही काँटॅक्ट केलं. अशी पाच जणांपर्यंत नावं ठेवता येतात.