फरशी आणि डोळा

रविवार, रात्री अकरा

भाची चित्रकलेच्या परीक्षेची तयारी करतेय. दुपारी तिने हॉलचं चित्र आणून दाखवलं. भिंती छान, खिडकी छान, पण फरशी जमिनीवर टेकतच नव्हती. "मावशी, टाइल्स मागे वाकल्यासारख्या का दिसतात गं?" मी विचारलं, मागच्या रांगा कशा काढल्यास? म्हणाली, प्रत्येक रांग आधीच्यापेक्षा थोडी लहान केली, अंदाजाने.

मला एकदम आल्बेर्ती आठवला. फ्लॉरेन्सच्या लिओन बाटिस्टा आल्बेर्तीने 1435 साली चित्रकलेवर पुस्तक लिहिलं. त्यात तो नेमक्या याच चुकीवर बोट ठेवतो. त्याच्या काळातले काही चित्रकार पहिल्या रांगेच्या दोन-तृतीयांश दुसरी, दुसरीच्या दोन-तृतीयांश तिसरी, अशी फरशी काढत. तो म्हणतो, हे चूक आहे, कारण पाहणाऱ्याचा डोळा कुठे आहे हे आधी ठरवलेलंच नाही.

हे वाक्य मी कितीतरी वर्षांपूर्वी वाचलेलं. आज पहिल्यांदा पट्टी घेऊन तपासलं.

आमच्या टाइल्स दोन फुटी, म्हणजे साधारण 60 सेंटिमीटरच्या. माझा डोळा जमिनीपासून 150 सेंटिमीटरवर आहे असं धरलं आणि चित्राची चौकट माझ्यापासून 300 सेंटिमीटरवर. सगळं एक-दशांश करून इम्पीरियल शीटवर मांडलं. खाली आडवी रेघ, तिच्यावर दर 6 सेंटिमीटरला खूण. रेघेच्या बरोबर 15 सेंटिमीटर वर, डोळ्याच्या उंचीला, लोपबिंदू, म्हणजे लांब जाणाऱ्या रेषा जिथे मिळताना दिसतात तो बिंदू. सगळ्या खुणा त्या बिंदूला जोडल्या. लांबीच्या रेषा झाल्या. इथवर सोपं, इथवर भाचीचंही बरोबर होतं.

खरी अडचण आडव्या रेषांची. त्यासाठी आल्बेर्ती बाजूला वेगळी आकृती काढायला सांगतो, खोली कडेने पाहिल्यासारखी. एक उभी रेघ म्हणजे चित्राची चौकट. तिच्या एका बाजूला 30 सेंटिमीटरवर, 15 सेंटिमीटर उंचीवर डोळा. दुसऱ्या बाजूला जमिनीवर दर 6 सेंटिमीटरला टाइलची कड. प्रत्येक कडेपासून डोळ्यापर्यंत पट्टीने रेघ ओढायची आणि ती उभ्या रेघेला कुठे छेदते ते पाहायचं. माझे छेद आले 2.5, 4.3, 5.6, 6.7 आणि 7.5 सेंटिमीटरवर. ह्याच उंचीवर आडव्या रेषा.

मग शेजारी दोन-तृतीयांशवाली फरशी काढली. पहिली रांग तीच, अडीच सेंटिमीटरची. पण पाच रांगांत ती जेमतेम साडेसहापर्यंत पोचली. पुढे हिशेब केला तर लक्षात आलं की रांगा कितीही वाढवल्या तरी ती साडेसातच्या वर जाऊच शकत नाही, आणि क्षितिज तर लोपबिंदूच्या पातळीला, 15 वर आहे. म्हणजे खऱ्या फरशीच्या पाच टाइल्स जिथे पोचतात, तिथे ह्या फरशीच्या अगणित टाइल्सही पोचत नाहीत! खऱ्या फरशीत रांगा कमी होण्याचं प्रमाण मुळी एकच राहत नाही. दुसरी रांग पहिलीच्या सुमारे 71 टक्के, तिसरी दुसरीच्या 75 टक्के, मग 78, मग 80. अंदाजाने हे कुणाला सुचणार?

चूक ओळखायची खूणही आल्बेर्तीने दिलीय. कोपऱ्यातल्या टाइलचा कर्ण ओढा आणि तीच रेघ पुढे न्या. पुढच्या टाइल्सच्या कोपऱ्यांतून ती सरळ गेली तर फरशी बरोबर. भाचीच्या चित्रात कोपरे जोडले तर रेघ धनुष्यासारखी वाकली. तिला जे "वाकल्यासारखं" दिसत होतं, ते हेच. डोळ्याला आधी कळलं होतं.

आल्बेर्तीच्या आधीची गंमत मला जास्त हलवून जाते. सिएनाच्या आंब्रोजो लोरेन्झेत्तीने 1344 साली देवदूत मेरीला वार्ता देतो तो प्रसंग रंगवला. त्यातल्या फरशीच्या लांबीच्या रेषा एकाच बिंदूत मिळतात. पण फरशी संपते तिथे मागे सपाट सोनं आहे. पायाखाली मोजलेली जमीन, आणि डोक्यामागे ज्याला मोजमापच नाही असा प्रकाश. मला ते चित्र अर्धवट वाटत नाही. त्याला देवदूताची जागा खोलीत मोजून द्यायचीच नव्हती.

नंतर 1420 च्या आसपास वास्तुशिल्पी ब्रुनेलेस्कीने फ्लॉरेन्सच्या कॅथेड्रलच्या दारात थोडं आत उभं राहून समोरची बाप्टिस्टरी, म्हणजे बाप्तिस्म्याची इमारत, एका फळीवर रंगवली. फळीला भोक पाडलं. मागून भोकाला डोळा लावायचा, समोर आरसा धरायचा आणि आरशात चित्र पाहायचं. आकाशाच्या जागी त्याने चकाकती चांदी लावली होती, तीत खरे ढग सरकताना दिसत. ती फळी आज नाही, पण ते भोक मला चित्राइतकंच महत्त्वाचं वाटतं. पाहणाऱ्याने कुठे उभं राहायचं हे चित्राने ठरवलं.

तिथून माणसांची मापंही बदलली. आधी मोठा म्हणजे महत्त्वाचा. आता एकाच जमिनीवर उभ्या असलेल्या, पाहणाऱ्याइतक्याच उंचीच्या सगळ्या माणसांची डोकी क्षितिजरेषेवर येणार, जवळचा असो की लांबचा. फक्त पाय वरखाली. चित्रकार मासाच्चोच्या 'ट्रिनिटी'त (फ्लॉरेन्सचं सांता मारिया नोव्हेल्ला चर्च, 1427 च्या सुमारास) लोपबिंदू क्रुसाच्या पायथ्याशी, साधारण उभ्या माणसाच्या डोळ्याच्या पातळीला आहे. वरची कमान खालून पाहिल्यासारखी आहे. पण तिच्याखाली उभा असलेला परमपिता मात्र खालून नाही, समोरून पाहिल्यासारखा रंगवलाय. एवढा हिशेब केला आणि त्याला त्यातून मोकळं सोडलं. हे मला फार आवडतं.

आणि जिथे पाहणारा एका जागी उभाच नसतो तिथे? बाराव्या शतकातल्या चीनमध्ये झांग झेदुआनचं नदीकाठच्या शहराचं गुंडाळीचित्र पाच मीटरहून लांब आहे, उंची पाव मीटरही नाही. ते हातभर उलगडायचं, पाहायचं, पुन्हा गुंडाळायचं. त्यात एकच लोपबिंदू ठेवला असता तर चित्राची दोन्ही टोकं ताणून विद्रूप झाली असती. म्हणून तिथे छपरांच्या कडा तिरप्या जातात, पण बव्हंशी एकमेकींना समांतर राहतात. लांबचं वर, जवळचं खाली. तुम्ही सरकलात तरी चित्र मोडत नाही.

अजिंठ्याच्या सतराव्या लेण्यात मी भिंतीच्या कडेकडेने चालले होते तेव्हा हे कळलं नव्हतं. विश्वंतराची कथा चालत चालतच वाचावी लागते. तोच राजपुत्र पुन्हा पुन्हा भेटतो. मंडपाचे खांब एकमेकांपुढे-मागे येऊन खोलपणा सांगतात, खडकांचे ठोकळे आपल्याकडे पुढे येतात. कुठे उभी राहा, हे भिंत विचारत नाही.

झोपायच्या आधी भाचीला शीट टेबलावर उभी धरायला लावली. एक डोळा मिट, दुसरा लोपबिंदूसमोर, कागदापासून बरोबर 30 सेंटिमीटरवर आण. ती हळूहळू पुढे आली, मग थांबली. "मावशी, पडली खाली!" फरशी आडवी झाली होती. मागे सरकली की कडेच्या टाइल्स लांबट व्हायच्या, पुढे आली की पुन्हा चौकोनी. पाच-सहा वेळा तिने तेच केलं.