एक खोली आणि रोज सरकणारा सूर्यास्त

मी उत्तर इंग्लंडमधल्या एका विद्यापीठात विद्यार्थी सेवा विभागात नोकरी करते. मागच्या उन्हाळ्यात साहेबांनी एक काम माझ्या गळ्यात घातलं. सर्वधर्मीय प्रार्थनाकक्षासाठी लेखी धोरण हवं होतं. खोली वीस वर्षं होती, नियम मात्र दारावर चिकटवलेल्या चिठ्ठ्यांवर चालले होते. मला वाटलं, आमच्या पुण्याच्या सोसायटीच्या हॉलसारखंच असणार. वही ठेवायची, जो आधी नाव लिहील त्याला खोली. दोन पानांत काम संपेल.

पहिला मसुदा खरंच दोन पानांचा झाला. आठवड्याचा तक्ता, प्रत्येक गटाला सारखे तास, बुकिंग ऑनलाइन. सप्टेंबरात तो मंजूर झाला आणि पाच आठवडे छान चालला.

ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इथे घड्याळं एक तास मागे जातात. शनिवारी सूर्य पावणेसहाच्या सुमारास मावळला होता, रविवारी पावणेपाचला मावळला. आपल्याकडे सूर्यास्त वर्षभरात तासा-सव्वातासाच्या टप्प्यात हलतो, म्हणून हे चटकन लक्षात येत नाही. इथे जूनमध्ये सूर्य रात्री पावणेदहाच्या आसपास मावळतो आणि डिसेंबरात चारच्याही आधी. मुस्लिम मुलांच्या नमाजाच्या वेळा सूर्यावर चालतात. जूनमध्ये दुपारचा जुहर एकच्या पुढे सुरू होतो आणि सूर्यास्तानंतरचा मगरिब रात्री उशिरा, म्हणजे कॅम्पस रिकामा झाल्यावर. डिसेंबरात जुहर बाराच्या सुमारास, तिसऱ्या प्रहरचा असर दोनच्या आत-बाहेर आणि मगरिब चारच्या आत. तीन नमाज चार तासांत येतात आणि तिन्ही ऐन कॉलेजच्या वेळेत.

माझ्या तक्त्यात बुधवारी साडेतीन ते साडेचार ध्यानाचा गट होता. इथे बुधवारची दुपार सहसा खेळांसाठी मोकळी ठेवतात, म्हणून त्यांनी ती वेळ मागितली होती. ऑक्टोबरात कुणाला अडचण नव्हती. नोव्हेंबरच्या मध्यावर बारा-तेरा माणसं डोळे मिटून बसलेली असताना दार उघडलं, मागोमाग कुणाच्या तरी खिशातला फोन अजान देऊ लागला, आणि दाराशी सात-आठ मुलं बूट काढत उभी राहिली. भांडण झालं नाही, इथे सहसा होत नाही. दोन्ही बाजूंनी "सॉरी, सॉरी" झालं आणि संध्याकाळी माझ्या इनबॉक्समध्ये दोन अतिशय सभ्य तक्रारी आल्या.

मग मी जे आधी करायला हवं होतं ते केलं. आमच्याकडच्या मुस्लिम चॅपलिनसोबत चहाला बसले. (चॅपलिन म्हणजे विद्यापीठाने नेमलेला धर्मसेवक, आमच्याकडे वेगवेगळ्या धर्मांचे आहेत.) त्यांनी वर्षभराच्या नमाजाच्या वेळांचा छापील तक्ता समोर ठेवला आणि विचारलं, "तुम्ही 'किती तास हवेत' असं विचारलंत. 'केव्हा हवेत' असं का नाही विचारलं?" बरोबर होतं त्यांचं. एकट्याने नमाज पढायला दहा मिनिटं पुरतात, पण ती दहा मिनिटं तेव्हाच हवीत. ध्यानाच्या गटाला एक सलग तास हवा, तो अडीचला असो की साडेतीनला. ख्रिस्ती गटाला गिटार वाजवायची असते, म्हणजे शेजारी कुणी शांत बसलेलं नको. आणि आपल्या हिंदू मुलांनी आठवड्याचा तास मागितलाच नव्हता, त्यांना नवरात्रातल्या संध्याकाळी आणि दिवाळी हवी होती. सगळ्यांना सारखे तास देऊन मी कुणालाच हवं ते दिलं नव्हतं.

दुसऱ्या मसुद्यात मी धर्मांची नावं काढून टाकली आणि गरजा लिहिल्या: वेळ पक्की की हलती, आवाज की शांतता, एकट्याने की गटाने. खोलीचा खिडकीकडचा एक तृतीयांश भाग पडदा लावून कायम मोकळा ठेवला, तिथे बुकिंग नाहीच. मक्का इथून आग्नेयेला येते आणि तो कोपरा त्या दिशेला सोयीचा होता, हे नशीब. उरलेला भाग बुकिंगचा, पण आवाजी कार्यक्रम सूर्यास्तानंतरची वीस मिनिटं सोडून. ध्यानाचा गट आपणहून पावणेतीनला सरकला. बुकिंगचा तक्ता आता वर्षातून दोनदा, घड्याळ बदलण्याच्या आधी, नव्याने निघतो.

शुक्रवारचा प्रश्न पडद्याने सुटणारा नव्हता. अग्निसुरक्षेच्या हिशेबाने खोलीत तीस माणसं मावतात आणि जुम्म्याला नव्वदच्या वर येतात. आम्ही जिन्यात उभी असलेली मुलं मोजली तेव्हा साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा होता. आता शुक्रवारी क्रीडा विभागाचा छोटा हॉल असतो, उन्हाळ्यात सव्वा वाजता आणि हिवाळ्यात साडेबाराला. बायका आणि पुरुष वेगळे बसतील यावर समितीत एकाने आक्षेप घेतला. इथल्या समानता आयोगाने 2014 मध्ये विद्यापीठांसाठी काढलेल्या मार्गदर्शनात हे स्पष्ट आहे: व्याख्यानाला असं वेगळं बसवता येत नाही, उपासनेला चालतं. धोरणात तेवढं एक वाक्य घातलं. त्याच हॉलमध्ये नंतर पाहुण्या वक्त्याचं भाषण असेल तर खुर्च्या मिसळून लावायच्या, हेही लिहिलं.

माझी सगळ्यात मोठी चूक मात्र दारात होती. सुरक्षेसाठी आम्ही कार्ड लावून उघडणारं दार बसवलं होतं आणि वीज वाचावी म्हणून माणूस आत येताच लागणारे दिवे. सोवळं पाळणाऱ्या ज्यू मुलांना शब्बाथला, म्हणजे शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्रीपर्यंत, वीज चालू-बंद करता येत नाही. कार्ड लावणं हे त्यातच आलं, आणि नुसतं आत शिरून दिवा लागणंही. एका मुलीने हे अगदी संकोचाने सांगितलं, कारण ती दोन वर्षं दुसरं कुणी दार उघडेपर्यंत बाहेर थांबत होती. "सर्वांसाठी खुली" हे शब्द मीच मसुद्याच्या पहिल्या ओळीत लिहिले होते. आता शुक्रवारी दुपारी पहारेकरी दिवे हाताने लावून ठेवतो आणि शनिवारी दार साध्या किल्लीवर असतं.

कपाटाचं प्रकरण छोटं, पण त्यावर दोन बैठका गेल्या. भिंतीवर कुठलंच चिन्ह कायम ठेवायचं नाही, ज्याने त्याने आपलं कपाटात ठेवायचं, असं ठरलं. सामान लावताना मी कुराणाच्या प्रती खालच्या फळीवर ठेवल्या, वर चादरी आणि गणपतीची मूर्ती. पहिल्याच दिवशी एका मुलाने शांतपणे प्रती उचलून सगळ्यात वर ठेवल्या. मग आपली एक नागपूरची मुलगी म्हणाली, "ताई, मग आमचा बाप्पा चपलांच्या रॅकला लागून राहणार का?" शेवटी वरची फळी सगळ्यांच्या ग्रंथांना आणि मूर्तींना, मधली चादरींना, आणि बुटांचा रॅक खोलीबाहेर.

खाण्याच्या कलमातही मी "खाद्यपदार्थ आणू नयेत" असं ठोकून दिलं होतं. त्यात साखरफुटाण्यांचा प्रसादही गेला आणि रमजानमध्ये रोजा सोडायचा खजूरही. आता "खजूर, पाणी, कोरडा प्रसाद चालेल, शिजवलेलं नाही" असं आहे. निरांजनाला परवानगी मिळाली नाही. धूर ओळखणारं यंत्र थेट अग्निशमन दलाला कळवतं, तेव्हा नवरात्रात आरती बॅटरीच्या दिव्यांवर झाली. मुलांनी कुरकुर केली आणि मीही, मनातल्या मनात.

पाय धुण्याची सोय अजून अडकलेली आहे. नमाजाआधीचं वुजू करायला, म्हणजे हात-पाय धुवायला, मुलं शेजारच्या स्वच्छतागृहात बेसिनमध्ये पाय वर करतात, फरशी ओली होते, आणि सफाई करणाऱ्या बाई दर बुधवारी मला फोटो पाठवतात. खालच्या पातळीवरचा नळ आणि बसायला कठडा यांचा आराखडा तयार आहे. बांधकाम विभागाने विचारलंय की हे कुठल्या खात्यावर टाकायचं.