आमची वाटचाल : फळ्यावरचे चार आकडे

सोलापुरात अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत आमचे लूम आहेत. चादर, टॉवेल, नॅपकिन. वडिलांच्या काळात माल चाटी गल्लीतल्या दुकानांत जायचा, आता निम्म्याहून जास्त थेट गिऱ्हाईकाच्या घरी जातो. मधली वर्षं बरी गेली, त्यात सांगण्यासारखं काही नाही. सांगायचं आहे ते त्या दिवाळीबद्दल.

तेव्हा ऑनलाइन जाहिराती पुण्याच्या एका एजन्सीकडे होत्या. दर सोमवारी त्यांचा रंगीत रिपोर्ट यायचा, तीस-पस्तीस आकड्यांचा. सगळ्यात वर मोठ्या अक्षरात: जाहिरातीच्या एका रुपयामागे पावणेपाच रुपयांची विक्री. त्याखाली फॉलोअर, व्हिजिट, लाइक. परत आलेल्या पार्सलांची टक्केवारी शेवटच्या पानावर, आणि दिवाळीच्या तोंडावर ती 30 वरून 15 वर आलेली. "सर, रिटर्न निम्म्यावर आलेत, बजेट डबल करू," असा त्यांचा आग्रह.

आमचे भागीदार अण्णा यांचा त्या कागदावर विश्वास नव्हता. पॅकिंगचं टेबल त्यांच्याकडे, जावकाची वहीही त्यांच्याच हातची. ते म्हणाले, "पार्सलं कमी कुठं आल्यात? गेल्या आठवड्याएवढीच आल्यात की. तुम्ही धाडलात दुप्पट."

हेच मर्म होतं. कॅश ऑन डिलिव्हरीचं नाकारलेलं पार्सल परत यायला दोन-तीन आठवडे लागतात. आधी 100 पार्सलं जात आणि 30 परत येत. दिवाळीत 200 गेली, पण त्या आठवड्यात आलेली 30 ही आधीच्या शंभरातली. एजन्सीने 30 ला 200 ने भागलं आणि 15 टक्के काढले. सीझन संपला, पाठवणी पुन्हा 100 वर आली, तेव्हा दुप्पट पाठवणीतली 60 पार्सलं एकदम दारात उभी राहिली. मग त्यांच्याच हिशेबाने रिटर्न 60 टक्के! खरा दर सगळा वेळ 30 च होता.

अण्णांनी वहीवरून एका आठवड्याचा हिशेब मांडला. 100 चादरी गेल्या, जीएसटी सोडून दर 950. स्क्रीनवर विक्री 95,000, जाहिरात 20,000. माल 480 ला एक, पॅकिंग 30, कुरियर 90. म्हणजे कागदावर 15,000 उरतात. प्रत्यक्षात 70 पोचल्या. हातात आले 66,500. त्यातून विकल्या गेलेल्या मालाचे 33,600, पॅकिंगचे 3,000, जायचं कुरियर 9,000, तीस पार्सलांचं यायचं भाडं 2,700 आणि जाहिरातीचे 20,000. उणे 1,800. लाइट बिल, पगार अजून धरलेलेच नाहीत. परत आलेली चादर पुन्हा विकता येते असं धरलंय. पिशवी फाटून मळलेली आली तर तेही नाही.

त्या हिवाळ्यात सूतवाल्याची उधारी थकली, दोन लूम बंद ठेवावे लागले. एजन्सीने मात्र आपली फी वेळेवर मागितली.

तेव्हापासून ऑफिसात पांढरा फळा आहे आणि त्यावर चारच आकडे. पहिला, पोचलेल्या ऑर्डरमागे हातात काय उरलं. दुसरा, कॅश ऑन डिलिव्हरीतलं परत आलेलं प्रमाण. हे दोन्ही पाठवलेल्या आठवड्याच्या नावावर लिहायचे, आणि तो आठवडा तीन आठवडे मुरल्याशिवाय पक्के धरायचे नाहीत. तोवर पेन्सिलीसारखा निळा मार्कर, मग काळा. तिसरा, माल पोचलेल्या नव्या गिऱ्हाईकामागे जाहिरातीचा खर्च. वरच्या हिशेबात सगळे नवे धरले तर 200 नव्हे, 286 रुपये. चौथा, बँकेतली शिल्लक, आणि कुरियरकडे अडकलेले पैसे वेगळ्या रंगात.

प्रत्येक आकड्यापुढे तो बिघडला तर काय करायचं आणि कोणी, हे लिहिलेलं आहे. ज्याच्यापुढे काही लिहिता येत नाही तो फळ्यावर येत नाही, म्हणून फॉलोअर गेले. परतीचं प्रमाण 25 च्या वर गेलं की अण्णा त्या आठवड्याच्या ऑर्डरी पिनकोडने लावतात. वारंवार परत येणाऱ्या पिनकोडला आगाऊ पैसे भरूनच माल, बाकीच्यांना पाठवण्याआधी फोन. तोच हिशेब परती 20 वर आणून केला तर उणे 1,800 चे 3,800 उरतात, जाहिरातीला हात न लावता.

नव्याने उतरणाऱ्यांना न विचारता सांगतो: एजन्सीला डॅशबोर्ड बनवू देऊ नका, तिची फी बहुतेकदा जाहिरातीच्या खर्चावर ठरते.

मुलाचा हट्ट आहे की पुन्हा खरेदी करणारे किती, हाही आकडा दर आठवड्याला हवा. आकडा महत्त्वाचा आहे, नाकारत नाही. पण आमची चादर वर्षानुवर्षं टिकते. या सोमवारी कोण परत आलं यावरून पुढच्या सोमवारी काय बदलणार? तो आकडा मी तिमाहीला पाहतो, ज्या महिन्यात गिऱ्हाईक पहिल्यांदा आलं त्या महिन्याच्या गटाने. नॅपकिनवाल्यांचा गट वेगळा ठेवतो, कारण ते लवकर परतात. मुलगा अजून भांडतो आहे.