रोज सायंकाळी सातचा प्रश्न

सुवर्णमहोत्सवी स्मरणिकेसाठी लिहायला सांगितल्यावर मला इंग्रजीच्या बाईच आठवल्या. शाळा सोडून बरीच वर्षे झाली होती. प्रयोगशाळा सहायकाच्या पहिल्या मुलाखतीचं पत्र आलं, तेव्हा मी थेट त्यांच्या घरी गेले. मला इंग्रजी वाचता येत होतं, लिहिताही येत होतं, पण समोर माणूस आला की तोंड उघडत नव्हतं.

फोनमध्ये मी ‘इंग्रजीचा सराव’ असं रोजचं रिमाइंडर लावलं होतं. ते पाहून बाई म्हणाल्या, “अगं, हे वाचून तू नेमकं काय करणार? इथे प्रश्नच लिही.” त्यांनी स्वतः मजकूर बदलला: ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ. दोन मिनिटं, मोठ्याने.’ वेळही बदलली. सकाळी कामाच्या गडबडीत मी सूचना बोटाने बाजूला सारायचे. सायंकाळी सातला घरात शांतता असायची आणि फोन हातात असायचा.

सूचना वाजली की फोनचा रेकॉर्डर सुरू करायचा, न थांबता बोलायचं आणि मग ऐकायचं. स्वतःचा आवाज ऐकणं पहिल्यांदा फार जड गेलं. पण चुका कानालाच कळायला लागल्या. ‘आय ॲम हॅविंग टू ब्रदर्स’ हे ‘मला दोन भाऊ आहेत’चं सरळ रूप नव्हे, ‘आय हॅव टू ब्रदर्स’ म्हणायचं. ‘सिन्स थ्री इयर्स’च्या जागी ‘फॉर थ्री इयर्स’. एका दिवशी एकच चूक धरायची आणि तेच उत्तर पुन्हा रेकॉर्ड करायचं, असा बाईंचा नियम होता. दर आठवड्याला रिमाइंडरमधला प्रश्न बदलायचा, कारण तोच मजकूर रोज दिसला की डोळे तो वाचतच नाहीत.

पण रिमाइंडर उलट प्रश्न विचारत नाही. माझं उत्तर छान पाठ झालं होतं, आणि बाईंना ते लगेच कळलं, कारण माझा वेग एकसारखा होता आणि मध्येच अडवलं की मी पहिल्या वाक्यापासून सुरू करत होते. म्हणून रविवारी त्या फोन करून दुसरा प्रश्न विचारायच्या. मी ‘आय लाइक प्रॅक्टिकल वर्क’ म्हटलं की त्या लगेच विचारत, “व्हिच प्रॅक्टिकल? व्हॉट वेंट राँग इन इट?” त्याचं पाठांतर करता येत नाही. तिथे मी लहान वाक्यं जोडायला शिकले.

मुलाखतीत द्रावण तयार करताना घ्यायच्या काळजीबद्दल विचारलं. पहिल्यांदा प्रश्न नीट ऐकू आला नाही. ‘कुड यू प्लीज रिपीट द क्वेश्चन?’ हे वाक्य त्या सातच्या सरावातलंच होतं. ते म्हणताना श्वास सापडला, आणि मग मी ॲसिड पाण्यात हळूहळू घालायचं, पाणी ॲसिडमध्ये कधीच नाही, हे छोट्या वाक्यांत सांगितलं. नोकरी मिळाली.

बाई आता निवृत्त झाल्या आहेत. शाळेतल्या ज्या मुलींची मुलाखत जवळ आली असेल, त्यांनी माझा नंबर कार्यालयातून घ्यावा. पहिला प्रश्न त्यांनी फोनमध्ये लावावा, रविवारी दुसरा मी विचारेन.